तलाकनंतरचं पहिलं वर्ष आणि आपला मोहल्ला



आज मला तलाक चांगला की वाईट यावर बोलायचं नाही. तिहेरी तलाकच्या कायद्यावरही नाही. त्या विषयांवर आपल्याकडे भरपूर भाषणं होतात आणि ती झाली की सगळे आपापल्या घरी जातात. मला बोलायचंय ते तलाक होऊन गेल्यानंतरच्या पहिल्या एका वर्षाबद्दल. त्या वर्षात त्या बाईच्या, तिच्या मुलांच्या आणि कधी कधी त्या पुरुषाच्याही वाट्याला काय येतं, आणि त्यातलं किती नवऱ्यामुळे येतं आणि किती आपल्यामुळे, याबद्दल.

गेली अकरा वर्षं मी दर रविवारी दुपारी समुपदेशनाच्या टेबलावर बसते. समोर येणाऱ्या बायका सुरुवात बहुतेक एकाच वाक्यानं करतात: ‘बाजी, लोक काय काय बोलतात.’ नवरा काय बोलला, ते नंतर येतं. सुरुवातीला मला वाटायचं, बोलणं ही मनाला लागणारी गोष्ट आहे, पैशापाण्याचे आणि कागदाचे प्रश्न वेगळे. आता मी तुम्हाला एक प्रकरण सांगते, म्हणजे कुजबुज आणि पैसा यांचं नातं कळेल. नाव, गाव सांगणार नाही. ओळखायचा प्रयत्नही करू नका.

मुलगी सत्तावीस वर्षांची. लग्नाला आठ वर्षं झालेली, सहा वर्षांचा एक मुलगा. निकाहनाम्यात मेहेर पंचवीस हजार, तोही मुवज्जल, म्हणजे नंतर द्यायचा. आपल्याकडे ‘नंतर’ म्हणजे कधी, हे कुणी विचारत नाही. नवऱ्यानं दोन साक्षीदारांसमोर एक तलाक दिली, ती लिहून काढली, आणि त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी तिच्या भावाला फोन केला, ‘येऊन घेऊन जा.’ भाऊ रिक्षा घेऊन गेला. एक सुटकेस, मुलगा आणि मुलाचं दप्तर. रात्री नऊच्या सुमारास रिक्षा माहेरच्या गल्लीत शिरली. आपल्या गल्ल्या कशा असतात, तुम्हाला माहीत आहे. नऊ वाजता सगळे दारातच असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीचा निकाल लागला होता. एका दिवसात घराबाहेर काढलं, म्हणजे हिनंच काहीतरी केलं असणार.

आता इथं जरा थांबा. सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत सांगितलंय की, इद्दतीच्या काळात स्त्रीला तिच्या घरातून बाहेर काढू नका. त्याच सूरहमध्ये पुढे असंही आहे की, आपल्या ऐपतीप्रमाणे आपण राहतो तिथं तिला ठेवा आणि तिला त्रास देऊन जीव नकोसा करू नका. एक तलाक दिली असेल तर इद्दतीत नवऱ्याला परत घेण्याची मुभा असते. त्या तीन महिन्यांत दोघं एकाच छताखाली असावीत, राग ओसरावा, एखाद्या सकाळी चहा देता-घेताना बोलणं सुरू व्हावं, हा त्यामागचा हेतू. म्हणजे त्या संध्याकाळी हुकूम कुणी मोडला? सासऱ्यांनी आणि नवऱ्यानं. आणि गल्लीनं दोषी कुणाला ठरवलं? जिला बाहेर काढलं तिला.

हे कसं होतं, तेही बघा. आयतीत एक अपवाद आहे: उघड निर्लज्जपणा घडला असेल तर वेगळं. आपण तो अपवाद उलटा वाचतो. बाहेर काढलंय ना, मग अपवाद लागू झाला असेल. खरं तर जमातीतल्या शंभर मुलींपैकी जवळजवळ सगळ्या तलाकच्या दिवशीच माहेरी येतात. रीतच तशी पडलीय. मग सगळ्यांना अपवाद लागू झाला का? आणि ज्या दिनमध्ये पाकदामन स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार आणले नाहीत तर ऐंशी फटके सांगितलेत आणि वर त्या माणसाची साक्ष पुन्हा कधी घ्यायची नाही असं सांगितलंय, तिथं आपण नळावर पाणी भरताना, साक्षीदार तर सोडा, नुसत्या रिक्षाच्या वेळेवरून आरोप करतो. ‘काहीतरी केलं असेल’ हा आरोपच आहे. ‘असेल’ लावल्यानं तो कमी होत नाही.

पुढं इद्दत सुरू झाली. तीन हैज, म्हणजे साधारण तीन महिने. या काळातला खर्च नवऱ्याचा. यावर कुणाचं दुमत नाही. आला का? एक रुपया आला नाही. मुलाच्या शाळेची फी राहिली होती, वडिलांची गोळ्यांची चिठ्ठी होती, भावाचा पगार बारा हजार. पाचव्या आठवड्यात तिनं एका गारमेंटच्या युनिटमध्ये बटणं लावण्याचं काम धरलं. सकाळी दहाला जायची, पाचला यायची. आणि आता गल्लीला दुसरा विषय मिळाला: ‘इद्दतीत आहे आणि रोज बाहेर फिरते.’ एका खालांनी तर तिच्या अम्मीला घरी येऊन मसला समजावून सांगितला. येताना रिकाम्या हातानं आल्या होत्या, हे अम्मीनं मला दोनदा सांगितलं.

गरजेशिवाय इद्दतीत बाहेर पडू नये, हे आपले फिकहचे जाणकार सांगतात आणि ते मला मान्य आहे. पण त्याला लागूनच खर्च नवऱ्यानं द्यायचा, हेही ते सांगतात. आपण पहिला अर्धा पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर यांच्या मावशीची हकीकत आहे. त्यांना तलाक झाली होती, इद्दत चालू होती, आणि त्या आपल्या बागेतले खजूर उतरवायला निघाल्या. एका माणसानं त्यांना बाहेर पडल्याबद्दल रागावलं. म्हणजे अशी माणसं तेव्हाही होती. त्या थेट रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे गेल्या. त्यांनी परवानगी दिली: जा, खजूर उतरव, त्यातून तू सदका करशील, काही भलं करशील. मला या हकीकतीत आवडतं ते हे, की तिला मान खाली घालून घरी पाठवलं नाही आणि तिच्या बागेत काम करण्याला गुन्हाही मानलं नाही. उद्या ती दुसऱ्याला देऊ शकेल, अशी बाई म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं. आपण तिच्याकडे आयुष्यभर घेणारी म्हणून पाहतो.

आता पैशाकडे येते, कारण इथं कुजबुज रुपयात मोजता येते.

इद्दत संपत आली तेव्हा मुलाकडचे चार लोक तिच्या वडिलांना भेटले. प्रस्ताव असा: पंधरा हजार घ्या, ‘आता काही घेणं नाही’ असं लिहून द्या आणि विषय संपवा. वडील तयार झाले. मी त्यांना विचारलं, का? ते म्हणाले, ‘बाजी, धाकटीला रिश्ता आलाय. कोर्टकचेरी झाली, चर्चा झाली, तर ते लोक मागं हटतील.’ म्हणजे समोरच्यांनी वकील लावला नव्हता. त्यांना गरजच नव्हती. त्यांच्या बाजूनं आपण सगळे फुकट काम करत होतो.

टेबलावर मी कागद घेतला आणि वडिलांच्या समोर मांडणी केली. मेहेर पंचवीस हजार. हे कर्ज आहे. निकाहच्या दिवशीच डोक्यावर बसलेलं. इद्दतीचा खर्च, महिना सहा हजार धरला तर अठरा हजार. झाले त्रेचाळीस. शिवाय माहेरून दिलेलं कपाट, शिलाई मशीन आणि दोन तोळ्यांचे दागिने. हे तिचंच आहे. 1986 च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये मेहेर आणि लग्नात मिळालेल्या वस्तू दोन्हींवर तिचा हक्क स्पष्ट लिहिलाय. त्याच कायद्याचा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टानं 2001 साली डॅनियल लतीफी खटल्यात सांगितलं की, नवऱ्यानं इद्दतीच्या मुदतीत तिच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करून द्यायची असते, फक्त तीन महिन्यांच्या जेवणाची नाही. आणि 10 जुलै 2024 च्या निकालात कोर्टानं हेही सांगितलं की, पोटगीचं सर्वसाधारण कलम, म्हणजे जुनं 125, तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही खुलं आहे. आता ते कलम नव्या संहितेत 144 झालंय. हे मी तिच्या वडिलांना धमकीसाठी सांगितलं नाही. पंधरा हजाराच्या बदल्यात काय सोडताय, ते त्यांना कळावं म्हणून सांगितलं.

आणि एक गोष्ट त्यांना तीनदा सांगितली. मुलाचा खर्च ती सोडूच शकत नाही. तो तिचा हक्क नाही, मुलाचा आहे. वडील मुलाजवळ राहोत न राहोत, नफका वडिलांवरच. आईनं कुठंही सही केली तरी मुलाची भूक माफ होत नाही.

वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे सगळं मागायचं म्हणजे लोक म्हणतील, पोरगी पैशासाठीच...’ वाक्य पूर्ण केलं नाही. मी म्हटलं, लोक म्हणतील. त्रेचाळीस हजारही लोकच देणार आहेत का?

शेवटी तडजोड झाली. मेहेर आणि इद्दतीचा खर्च मिळून त्रेचाळीस हजार दोन हप्त्यांत, मशीन आणि दागिने परत, कपाट तिनं सोडलं. मुलाला महिना साडेतीन हजार. सगळं कागदावर, दोन्हीकडच्या सह्यांनिशी. मोठा विजय वगैरे नाही. मुलाचे पैसे पाच महिने आले आणि थांबले. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील घेऊन अर्ज केला. तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे की, स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, सरकारी वकील मोफत मिळतो? 1987 चा कायदा आहे. तो अर्ज अजून चालू आहे.

कागदावर थोडं आणखी बोलते, कारण बायका इथं सगळ्यात जास्त अडकतात. तोंडी तलाक झाली, रडारड झाली, माहेरी आली, आणि कुणी काही लिहूनच दिलं नाही. दोन वर्षांनी दुसरा रिश्ता येतो तेव्हा काझीसाहेब विचारतात, तलाकनामा कुठंय? खुला झाला असेल तर खुलानामा कुठंय? रेशनकार्डात माहेरी नाव चढवायचं तर सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो आणायला पुन्हा त्याच दारात जावं लागतं. बाल संगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलाला महिना 2250 रुपये मिळू शकतात, निराधार योजनेत घटस्फोटित स्त्रीला अर्ज करता येतो, पण दोन्हीकडे घटस्फोटाचा पुरावा मागतात. मशिदीच्या कमिटीतले चार लोक गेले तर हा कागद एका तासात मिळतो. एकटी बाई गेली तर सहा महिने. पण चार लोक का जात नाहीत? ‘त्यांच्या घरातला मामला आहे, आपण कशाला पडायचं.’ गंमत बघा, चर्चा करायला तो सगळ्या मोहल्ल्याचा मामला असतो आणि कागद आणायला त्यांच्या घरातला.

तुम्ही तरुण आहात, म्हणून एक खास तुमच्यासाठी. याच प्रकरणात तलाकनाम्याचा फोटो चौथ्या दिवशी जमातीच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. कुणी टाकला, ते शोधण्यात मला रस नाही. त्यावर तेवीस जणांनी ‘अल्लाह रहम करे’ लिहिलं. तेवीस जणांपैकी एकानंही ‘हा फोटो काढून टाका’ असं लिहिलं नाही. त्यात तिचं पूर्ण नाव, तिच्या वडिलांचं नाव, पत्ता सगळं होतं. असा फोटो तुमच्या फोनवर आला तर दुआ मनात करा आणि टाकणाऱ्याला फोन करून तो काढायला लावा. या कामाला ना पैसे लागतात, ना वय.

शादीच्या घरचंही सांगते. हळदीला ‘सुहागन’ बायकांनीच हात लावायचा, तलाकशुदा किंवा विधवा बाईनं मागं बसायचं, हे आपल्याकडे अजून चालतं. मी मोठमोठ्या आलिमांना विचारलंय, याला दिनमध्ये काही आधार आहे का. नाही. कुठून आलं, सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारपाजारच्या रूढीतून आलं आणि आपण ते मेहनतीनं जपलं. आणि आपल्या सगळ्यांच्या अम्मी, हजरत खदीजा? रसूलुल्लाह (स.) यांच्याशी निकाह झाला तेव्हा त्या विधवा होत्या. हजरत जैनब बिन्ते जहश तलाकशुदा होत्या. त्यांना आपल्या हळदीत आपण कुठं बसवलं असतं?

फातिमा बिन्ते कैस यांचं उदाहरण तर मला प्रत्येक रिश्ता जुळवणाऱ्या आपाला सांगावंसं वाटतं. त्यांच्या नवऱ्यानं शेवटची तलाक पाठवली. त्यांना इद्दतीसाठी अंध सहाबी इब्ने उम्मे मकतूम यांच्या घरी राहायला सांगितलं गेलं. हेही सांगितलं गेलं की, इद्दत संपली की कळव. इद्दत संपली तेव्हा दोघांकडून निकाहचे पैगाम आले होते. त्यांनी सल्ला विचारला. रसूलुल्लाह (स.) यांनी दोन्ही स्थळांबद्दल खरं ते सांगितलं: एकाजवळ पैसा नाही, दुसऱ्याचा हात बायकांवर उठतो. उसामा यांच्याशी निकाह कर, असं सुचवलं. तिला आधी ते रुचलं नाही, मग निकाह झाला आणि ती सुखी झाली. या सगळ्या हकीकतीत छाननी कुणाची झाली? पुरुषांची. आमच्या टेबलावर तलाकशुदा मुलीसाठी येणारी स्थळं बघा: पन्नाशीचा, तीन मुलांचा बाप, आणि वर ‘तिला आता कोण मिळणार’. आणि अट, मुलाला नानीकडे ठेवून यायचं. त्याच वयाच्या तलाकशुदा पुरुषाला मात्र बावीस वर्षांची कुँवारी मुलगी दाखवतात.

पण पुरुषांना सगळं सोपं असतं, असं समजू नका. आमच्याकडे एक रिक्षावाला भाऊ येतो. बायको खुला घेऊन गेली, नऊ वर्षांची मुलगी त्याच्याजवळ राहिली, कारण आईनं दुसरा निकाह केला आणि तिकडं मुलीला जागा नव्हती. तो पहाटे उठून डबा करतो, मुलीची वेणी घालतो. वेणी त्यानं शेजारच्या भाबींकडून शिकली आणि त्यावरून भाबींबद्दलच बोललं गेलं. भाबींनी येणं बंद केलं. गल्लीतल्या आया आपल्या मुलींना त्याच्या घरी खेळायला पाठवत नाहीत, कारण घरात बाई नाही. काळजी मी समजू शकते. पण मग त्याच्या मुलीला आपल्या घरी बोलवायला काय हरकत आहे? ते कुणी केलं नाही. दोन-तीन वर्षांत ती मुलगी मोठी होईल, तिला पाळी येईल, आणि तिच्याजवळ विचारायला एकही बाई नसेल. तो मला हे विचारायला आला होता. पुरुष माणूस, मान खाली घालून, हातात रिक्षाची किल्ली फिरवत. अशा वेळी मोहल्ल्यातल्या एखाद्या खालांनी पुढं होऊन म्हणावं, ‘पोरीला शुक्रवारी माझ्याकडे पाठव,’ एवढंच काम आहे. आम्ही अशा एक खाला शोधल्या. वय सदुसष्ट. त्यांना लोक काय म्हणतील याचा कंटाळा आलाय, असं त्या म्हणतात.

मुलांचं राहिलं. पासपोर्टच्या अर्जात 2016 च्या डिसेंबरपासून आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारनं बंधनकारक केलंय. म्हणजे कागद हळूहळू शहाणे होतायत. पण ईदच्या सकाळी ईदगाहला कुणासोबत जायचं, हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नसतं. मघाच्या त्या मुलीचा सहा वर्षांचा मुलगा गेल्या रमजान ईदला नवे कपडे घालून दारात उभा होता. मामा आजारी होता. गल्लीतून बापलेकांच्या जोड्या जात होत्या. त्याला कुणी टाकून बोललं नाही, कुणी वाईट वागलं नाही. फक्त कुणाला सुचलं नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा एक मुलगा, बारावीला आहे, त्यानं ‘चल रे’ म्हणून त्याचा हात धरला आणि नेला. नंतर त्याला शीरखुर्मा खायला घरीही नेलं. त्या बारावीच्या मुलानं तलाक का झाली, चूक कुणाची, हे काही विचारलं नव्हतं. त्याच्या आईनं नंतर विचारलं म्हणे. तो म्हणाला, ‘मला काय माहीत, नमाजला उशीर होत होता.’

तुम्ही अशा घरी जाल तेव्हा ‘काय झालं गं?’ हा प्रश्न विचारू नका. साबित बिन कैस यांच्या पत्नी वेगळं व्हायचंय म्हणून आल्या, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की, नवऱ्याच्या दिनमध्ये आणि स्वभावात खोट नाही, पण माझ्यानं निभत नाही. त्यांना विचारलं गेलं ते फक्त, मेहेरात मिळालेली बाग परत करशील का. त्या हो म्हणाल्या. बात संपली. कारणांची चिरफाड झाली नाही. तुम्ही विचारायचंच असेल तर विचारा: तलाकनामा मिळाला का? मेहेर मिळाला का? मुलाच्या फीचं काय? उद्या तहसीलला सोबत येऊ का?

काल तिचा फोन आला होता. गारमेंट सोडून तिनं परत मिळालेल्या मशीनवर घरीच ब्लाऊज शिवायला घेतलेत. धाकट्या बहिणीचा रिश्ता? तो मोडला नाही. ते लोक चौकशीला आले होते, तेव्हा समोरच्या किराणावाल्या चाचांनी त्यांना सांगितलं, ‘पोरगी चांगली, घर चांगलं, आणि मोठीचा हक्काचा पैसा त्यांनी हिशेबानं घेतला.’ निकाह पुढच्या महिन्यात आहे. हळदीला मोठीच पहिला हात लावणार, असं धाकटीनं सांगून ठेवलंय. अम्मीनं अजून होकार दिलेला नाही.

टेबल रविवारी जोहरनंतर उघडतं. येताना निकाहनाम्याची झेरॉक्स, मुलाचा जन्मदाखला आणि दोन्हीकडचं रेशनकार्ड सोबत आणा. निकाहनामा हरवला असेल तरीही या. ज्या काझींनी निकाह लावला त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, ती आपण मिळून काढू.